आठ टक्के कोणाला द्यायचे?

वाकड, हिंजवडी, बाणेर या पट्ट्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की मालकाचा फोन वाजू लागतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. भाडेकरू आम्ही शोधू, करार आम्ही करू, नळ गळला तर प्लंबर आम्ही पाठवू, तुम्ही फक्त दर महिन्याला खात्यात आलेले भाडे बघा. आणि मोबदला? भाड्याच्या फक्त आठ टक्के.

आठ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. घर भाड्याने देऊन ते सांभाळण्याचा असा धंदा पुण्या-मुंबईत आता चांगला रुळला आहे. कोणी पाच टक्के मागतो, कोणी दहा. काही जण टक्केवारीच्या भानगडीत न पडता वर्षाला अर्ध्या किंवा एका महिन्याचे भाडे घेतात. भाडेकरू शोधून देण्याचे पैसे बहुतेकदा त्याहून वेगळे. मालक होकार देतो किंवा नकार देतो, पण दोन्ही वेळा हिशेब सहसा मनातल्या मनात होतो आणि तिथेच फसतो. तो एकदा कागदावर मांडलेला बरा.

वाकडमधला एक टू-बीएचके घ्या. भाडे महिन्याला २८,००० रुपये, डिपॉझिट ८०,०००. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला ३,५०० रुपये, तो मालकच भरतो, आणि महापालिकेचा मिळकतकर वर्षाला ६,०००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकांनी आपापले घालून पाहावेत. वर्षाचे भाडे झाले ३,३६,००० रुपये. त्याचे आठ टक्के म्हणजे २६,८८०. नोंदणीकृत कंपनी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ३१,७१८ रुपये.

आता हे पैसे कशातून जातात ते पाहू. आयकर कायदा भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेला मिळकतकर वजा करू देतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट देतो. दुरुस्ती, देखभाल, वसुली असा सगळा खर्च त्या ३० टक्क्यांत धरलेला आहे. मालकाने स्वतः घर सांभाळून एक रुपया खर्च केला नाही तरी वजावट तेवढीच आणि व्यवस्थापकाला ३१,७१८ रुपये दिले तरी तेवढीच. दुकानदाराला मुनीमाचा पगार खर्चात दाखवता येतो, तशी सोय घरभाड्याच्या उत्पन्नात नाही. ही गोष्ट फोनवरचा माणूस सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही ती ठाऊक नसते.

आपल्या उदाहरणात मिळकतकर वजा जाता ३,३०,००० उरतात. त्यातून ३० टक्के वजावट गेली की कर बसतो तो २,३१,००० रुपयांवर. मालक वरच्या कर टप्प्यात असेल तर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी तो होतो सुमारे ७२,००० रुपये. वर्षाचा मेंटेनन्स ४२,०००. सगळे देऊन हातात उरतात सुमारे २,१६,००० रुपये. व्यवस्थापकाची फी याच रकमेतून जायची आहे आणि तिच्या तुलनेत ३१,७१८ रुपये म्हणजे जवळजवळ १५ टक्के. आठ टक्क्यांचे पंधरा झाले. निवृत्त माणसाला कर कमी बसत असेल तर हा आकडा बारा-तेराच्या आसपास राहील, पण आठवर काही येणार नाही.

एवढे पैसे देऊन मिळते काय? उत्तर सोपे वाटते: वेळ. पण भाड्याच्या घराला लागणारा वेळ बारा महिन्यांत सारखा पसरलेला नसतो, आणि या विषयातली खरी मेख तीच आहे.

चांगला भाडेकरू बसला आहे, पाच तारखेच्या आत भाडे बँकेत जमा होते आहे, अशा वर्षात मालकाला फारसे काही करावे लागत नाही. कधी गीझर बिघडतो, कधी फ्लश टाकी वाहते, कधी सोसायटीचे पत्र येते. दोन-चार फोन, एखादी फेरी, मिळकतकराचे बिल. सगळे मिळून वर्षाला दहा-बारा तासांचा हा कारभार. भाडेकरू बदलतो त्या वर्षी मात्र चित्र पालटते. जुन्याकडून घर ताब्यात घ्यायचे, पंखे, नळ, कुलपे, पडद्यांचे रॉड तपासायचे, मीटरचे रीडिंग घ्यायचे, डिपॉझिटमधून काय कापायचे यावर वाद घालायचा. मग साफसफाई, गरज असेल तर रंग. मग जाहिरात, आणि जाहिरातीपाठोपाठ येणारे फोन. त्यातले निम्मे एजंटांचेच. रविवारी अकरा वाजता घर बघायला येतो म्हणालेले कुटुंब दीड वाजता येते, किंवा येतच नाही. शेवटी कोणी पसंत पडले की त्याच्या नोकरीची आणि आधीच्या घरमालकाकडची चौकशी, करार, पोलिसांना द्यायची माहिती, सोसायटीत द्यायची कागदपत्रे, किल्ल्या. तीन ते पाच आठवड्यांत मिळून चाळीसेक तास सहज जातात.

दोन वर्षांचा करार धरला तर एक वर्ष चाळीस तासांचे आणि एक बारा तासांचे, म्हणजे सरासरी वर्षाला सव्वीस. व्यवस्थापक नेमला म्हणून मालकाचा वेळ शून्यावर येत नाही. दुरुस्तीला मंजुरी द्यायची, हिशेब तपासायचा, आयकर विवरणपत्र भरायचे, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा वाचायच्या. त्यात सातआठ तास जातातच. वाचतात ते अठराच्या घरात. ३१,७१८ ला १८ ने भागले की तासाला सुमारे १,७५० रुपये पडतात. वर्षाला तीस लाख कमावणारा आयटीतला माणूस वर्षात दोन हजार तास काम करतो असे धरले, तर त्याचा तासही कर कापण्याआधी १,५०० रुपयांचाच असतो. म्हणजे निव्वळ तासांच्या मोजमापाने बघितले, तर त्यालाही हा सौदा स्वस्त नाही.

महिन्याच्या टक्केवारीत खरे अडचणीचे काय आहे तेही इथेच दिसते. ती शांत महिन्यांचेही तेवढेच पैसे घेते. दोन वर्षांतल्या चोवीस महिन्यांपैकी एकवीस-बावीस महिने व्यवस्थापकाला जवळपास काहीच करावे लागत नाही, आणि उरलेल्या दोन-तीन महिन्यांत जे खरे काम असते त्यासाठी, म्हणजे नवा भाडेकरू शोधण्यासाठी, तो बहुधा वेगळी फी लावतो.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते की आमच्याकडे घर रिकामे राहत नाही. हा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वाकडचा फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर २८,००० रुपये बुडतात. मात्र न मिळालेल्या भाड्यावरचा करही भरावा लागत नाही, त्यामुळे वरच्या कर टप्प्यातल्या मालकाचे प्रत्यक्ष नुकसान २२,००० च्या आसपास असते. वर्षाची फी म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचे रिकामेपण. घर दोन वर्षांतून एकदा बदलत असेल, तर फी वसूल व्हायला व्यवस्थापकाने प्रत्येक बदलाच्या वेळी जवळजवळ तीन महिने वाचवायला हवेत. आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, रास्त भाडे ठेवलेला टू-बीएचके एरवीही तेवढा काळ पडून राहत नाही. दोन-तीन आठवडे, फार तर महिना. तीन महिने रिकामे राहिलेल्या घराच्या बाबतीत दोष बहुतेकदा व्यवस्थापक नसल्याचा नसतो, मालकाने दोन हजार रुपये जास्त मागून अडून बसण्याचा असतो. महिन्याला दोन हजार जास्त मिळवण्यासाठी एक महिना घालवला, तर ते भरून यायला चौदा महिने लागतात.

तरीही काही मालकांना व्यवस्थापक हवाच, आणि त्याचे कारण तासांत मोजता येत नाही. कारण आहे अंतर आणि सही.

महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याचा कागद म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे अजूनही अनेक जण मानतात. इतर राज्यांत त्यात तथ्य असेल, महाराष्ट्रात नाही. करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अटींबद्दल वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते धरले जाते.

उलट नोंदवलेला करार हातात असेल, तर तोच कायदा मालकाच्या पाठीशी भक्कम उभा राहतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पेठांमधल्या वाड्यांचे भाडे गोठवले. त्या आठवणीने पुण्यातली एक अख्खी पिढी घर कुलूपबंद ठेवणे पसंत करत असे. तिला ही दोन कलमे आधी माहीत असती तर बरे झाले असते. पण कलमे कामाची ठरतात ती कराराची तारीख कोणीतरी लक्षात ठेवली तरच. मुदत उलटली, भाडेकरू राहतोच आहे, भाडे येतेच आहे आणि नूतनीकरणाचे कोणाच्या ध्यानात नाही, अशी घरे प्रत्येक सोसायटीत सापडतील. व्यवस्थापकाने एकच काम चोख करायचे ठरवले तर ते हे असावे: मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मालकाला आणि भाडेकरूला लेखी विचारणे, राहणार की जाणार.

कराराचा खर्च फार नाही. वाकड महापालिकेच्या हद्दीत येते, त्यामुळे नोंदणी शुल्क १,००० रुपये. मुद्रांक शुल्क काढताना पूर्ण मुदतीचे भाडे घ्यायचे, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज मिळवायचे आणि एकूण रकमेवर पाव टक्का लावायचा. दोन वर्षांचे भाडे ६,७२,०००, डिपॉझिटवरचे व्याज १६,०००, मिळून ६,८८,०००. त्यावर शुल्क १,७२० रुपये. नोंदणीसह २,७२०. करार ऑनलाइन नोंदवता येतो आणि आधारवर बोटाचा ठसा देऊन पुरा होतो. एजंट यंत्र घेऊन घरी येतात. त्यांची मजुरी वेगळी, पण मालक नाशिकमध्ये आणि भाडेकरू पुण्यात असले तरी दोघांचे ठसे आपापल्या गावी घेता येतात. ही सोय नव्हती तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघांनी अख्खा दिवस घालवावा लागे. गावाबाहेरच्या मालकाला व्यवस्थापक नेमण्याचे जे मोठे कारण होते, ते यामुळे बरेच ओसरले.

म्हणून नाशिक, सोलापूर किंवा मुंबईतल्या मालकाने पूर्ण व्यवस्थापनाकडे वळण्याआधी तुकड्यातुकड्यांनी काम विकत घेण्याचा विचार करावा. भाडेकरू शोधायला एजंट, त्याची दलाली रूढीप्रमाणे एका महिन्याचे भाडे. कराराला वेगळा माणूस, दोनेक हजार. दोन भाडेकरूंच्या मधल्या सफाईला पाच हजार. दोन वर्षांत हे सगळे ३५,००० च्या आसपास जाते, म्हणजे वर्षाला साडेसतरा हजार. ठरावीक टक्केवारीवर दोन वर्षांत ६३,४३६ रुपये गेले असते आणि भाडेकरू शोधण्याची फी त्यावर. चाळीस तासांच्या त्या वर्षातले निम्म्याहून अधिक तास अशा तुकड्यांनी वाचतात. उरलेल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी सोसायटीतला ओळखीचा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर भाडेकरूलाच देऊन ठेवावेत. एक हजारापर्यंतचे काम त्याने करून घ्यावे आणि बिलाचा फोटो पाठवून पुढच्या भाड्यातून वळते करावे, एवढे करारात लिहिले की अर्धी फोनाफोनी थांबते.

इथे एका जुन्या व्यवस्थेचा उल्लेख करायलाच हवा. अनेक मराठी घरांत व्यवस्थापक असतोच. तो भाचा असतो, नाही तर शेजारच्या काकू. किल्ली त्यांच्याकडे, घर दाखवणेही त्यांच्याकडेच. पैशांचा विषय कोणी काढत नाही आणि दिवाळीला मिठाई जाते. हे दोन वर्षे छान चालते. मग एके दिवशी भाडेकरू भाडे थकवतो आणि भाच्याला त्याच्या दारात उभे राहायची वेळ येते. त्याला ते जमत नाही, आणि मालकालाही त्याला बोलता येत नाही, कारण तो फुकट करत असतो. नातेवाइकाला काम सांगायचेच असेल तर प्रत्येक भाडेकरू बदलाचे ठरावीक पैसे आधीच ठरवून द्यावेत. पाच हजार रुपये घेणाऱ्या भाच्याला जाब विचारता येतो.

परदेशातल्या मालकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. म्युनिक किंवा न्यू जर्सीतून वाकडचा फ्लॅट सांभाळताना तुकड्यांची व्यवस्था लवकर कोलमडते. आधार नसेल तर ठसा देता येत नाही, मग मुखत्यारपत्र लागते. ते भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून इकडे पाठवायचे आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. हे मुखत्यारपत्र विशेष असावे, सर्वाधिकाराचे नव्हे. अमुक फ्लॅट भाड्याने देणे, करारावर सही करून तो नोंदवणे, सोसायटी आणि महावितरणकडे पत्रव्यवहार करणे, एवढेच अधिकार त्यात लिहावेत. विक्री, गहाण आणि बँक खाते यांचा त्यात शब्दही नको.

दुसरी अडचण कराची. मालक करासाठी अनिवासी असेल तर भाडे देणाऱ्याने आधी कर कापून सरकारकडे भरायचा असतो. भारतात राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत व्यक्ती असलेल्या भाडेकरूला ५०,००० च्या वरच्या मासिक भाड्यावर दोन टक्के कापावे लागतात. अनिवासी मालकाला ही सवलतीची मर्यादा नाही. कपात साधारण ३१.२ टक्के, त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक घ्यावा लागतो आणि तिमाही विवरणपत्र भरावे लागते. २८,००० चा फ्लॅट शोधणारा तरुण हे ऐकताच दुसरे घर बघतो. त्यावर अनेकदा उपाय काढला जातो तो विषयच न काढण्याचा. नोटीस आली की दोघेही अडचणीत येतात. चांगला व्यवस्थापक आपली फी मिळवतो तो इथे: भाडेकरूला टॅन काढून देतो, दरमहा भरणा करून चलन मालकाला पाठवतो, आणि एकूण उत्पन्न कमी असेल तर कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र घ्यायला मालकाला आठवण करतो. पहिल्या भेटीत याबद्दल एक प्रश्न विचारावा. समोरचा अडखळला किंवा ‘त्याचं काही नाही, होऊन जाईल’ म्हणाला, तर दुसरा बघावा.

परदेशी मालकाला व्यवस्थापक लागतो तो आणखी एका कारणाने: गळती. पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतींतून पावसाचे पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, आणि संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीची त्या सभासदाची. पाणी नेमके कुठून येते हे ठरवायला कोणीतरी बाथरूम दोन दिवस बंद ठेवून, रंगीत पाणी सोडून बघावे लागते. हे म्युनिकहून होत नाही. खालच्या शेजाऱ्याची पहिली तक्रार ते सोसायटीचे कडक पत्र यांमधले दोन महिने वाया गेले, तर पाच हजारांचे ग्राऊटिंग पन्नास हजारांच्या टाइल्सवर जाते.

म्हणजे परदेशातल्या मालकाने व्यवस्थापक नेमावा, असाच निर्वाळा द्यावा लागतो. पण कसा, हे ‘कोण’ याहून महत्त्वाचे. या धंद्यात बहुतेक तक्रारी तीन ठिकाणी उगवतात.

पहिली, भाडे कोणाच्या खात्यात जाते. काही कंपन्या ते आधी आपल्या खात्यात घेतात आणि फी व दुरुस्ती कापून उरलेले मालकाला पाठवतात. सोयीचे वाटते, पण त्यामुळे दुरुस्तीच्या बिलावरची मालकाची पकड जाते, आणि कंपनी अडचणीत आली तर मालकाचे पैसे अडकतात. भाडे थेट मालकाच्या खात्यात यावे, अनिवासी असेल तर एनआरओ खात्यात, आणि फीचे बिल वेगळे यावे. डिपॉझिटही मालकाच्याच खात्यात.

दुसरी, हमीच्या भाड्याची योजना. घर रिकामे राहो न राहो, दरमहा ठरलेली रक्कम देऊ, असे सांगून कंपनी स्वतःच्या नावावर करार करते आणि आत वेगळ्याच माणसांना ठेवते. अशा वेळी घरात राहणाऱ्याशी मालकाचा कसलाच करार नसतो. कंपनीने पैसे थांबवले तर मालक ज्याच्याकडे बोट दाखवू शकेल असा एकही नोंदवलेला कागद राहणाऱ्याच्या नावाचा नसतो. शिवाय एका खोलीत किती जण राहतात यावर सोसायटीची तक्रार येते ती मालकाच्याच नावाने. करारावर परवाना घेणारा म्हणून जो प्रत्यक्ष राहतो त्याचेच नाव असले पाहिजे.

तिसरी, दुरुस्त्यांतली मखलाशी. गीझरचा चारशेचा थर्मोस्टॅट बाराशेला पडतो, कारण प्लंबर आणि व्यवस्थापक यांच्यात वाटणी ठरलेली असते. हे ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. प्रत्येक बिल कारागिराच्या किंवा दुकानाच्या नावाचे असावे, जुना सुटा भाग आणि नवा बसवलेला भाग यांचे तारखेसह फोटो यावेत, आणि दोन हजारांवरच्या कामाला आधी लेखी मंजुरी घ्यावी. या तीन अटी ऐकून जो नाराज होतो त्याचा खरा नफा फीमध्ये नव्हता, हे समजायला हरकत नाही.

याच्या जोडीला फी कशावर मिळते हेही पाहावे. प्रत्येक नव्या भाडेकरूमागे अर्ध्या महिन्याचे भाडे मिळणार असेल, तर जुना टिकवण्यात व्यवस्थापकाचा तोटा आहे. अकराव्या महिन्याला भाडेवाढीवरून चांगला भाडेकरू निघून जातो, ते काही वेळा यामुळेच. नूतनीकरणाची फी नव्या भाडेकरूच्या फीइतकी नसली तरी तिच्या निम्मी ठेवली, तर हा कल बराच सुधारतो.

मालकाने व्यवस्थापक नेमला तरी काही गोष्टी स्वतःच बघत राहाव्यात. महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक घातला की थकबाकी दिसते. भाडेकरू जाण्याच्या आठवड्यात ती तपासायला एक मिनिट लागते, आणि नाही तपासली तर डिपॉझिट परत गेल्यावर चार हजारांचे बिल मालकाच्या नावावर उरते. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची पोच आणि सोसायटीला दिलेल्या कराराच्या प्रतीवरचा शिक्का यांचे फोटोही मागून घ्यावेत. पोलिस आयुक्तांचा आदेश मोडल्याचा गुन्हा नोंदवला जातो तो घरमालकावर, कंपनीवर नव्हे.

कायद्याने या व्यवस्थापकाकडे पाहिलेच नाही असे नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात मालमत्ता व्यवस्थापकासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत: त्याचे नाव, त्याला दिलेले अधिकार आणि त्यांची मुदत भाडेकरूला कळवायची, भाड्याची पावती द्यायची, अत्यावश्यक दुरुस्त्या करायच्या, आणि त्याने मालकाच्या सूचनेविरुद्ध काम केले तर भाडे न्यायालय त्याला हटवू शकते किंवा नुकसानभरपाई द्यायला लावू शकते. पण भाडे हा राज्यांचा विषय आहे आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो. त्यात व्यवस्थापक नावाच्या माणसाला जागा नाही, आणि हा धंदा करायला वेगळा परवानाही लागत नाही. त्यामुळे फी, खात्याचे नाव, खर्चाची मर्यादा, एका महिन्याच्या नोटिशीने बाजूला होण्याची सोय आणि किल्ल्या परत करण्याची तारीख हे सगळे त्याच्याशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे, आणि पहिली किल्ली देण्याआधी त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात.